बॅटल कार्ड हातात असूनही ग्राहकासमोर उत्तर सापडत नाही: तपासणीचा आणि दुरुस्तीचा क्रम

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींत आणि सीमेपलीकडे हलकर्णी, कागल, गोकुळ शिरगावपर्यंत कारखान्यांना दाबाची हवा पुरवणारे स्क्रू कॉम्प्रेसर विकणाऱ्या विक्रेत्यांची बॅटल कार्डे दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे वारंवार येते. ग्राहक कोणकोणत्या हरकती घेतो, प्रत्येक हरकतीला थोडक्यात काय उत्तर द्यायचे आणि त्या उत्तराला आधार कोणता, हे प्रतिनिधीला चटकन सापडावे म्हणून केलेला कागद म्हणजे बॅटल कार्ड. कार्ड बहुतेकांकडे असते, आणि त्यातली माहितीही बऱ्याचदा बरोबर असते. तरीही फौंड्रीच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या प्रतिनिधीला ते उपयोगी पडत नाही. खाली दिलेल्या तपासण्या मी याच क्रमाने करतो, कारण पहिल्या दोन तपासण्यांना एक पैसाही लागत नाही आणि पुष्कळदा बिघाड तिथेच सापडतो.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे प्रतिनिधी ग्राहकाच्या गेटवरून ऑफिसला फोन करून जे विचारतो, ते कार्डात आधीच लिहिलेले असते. दुसरे लक्षण व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसते: एकच प्रश्न दर आठवड्याला नव्याने येतो आणि त्याला दर वेळी वेगळी व्यक्ती वेगळा आकडा देते. तिसरे लक्षण थोडे आडून कळते. बैठकीनंतर प्रतिनिधी सांगतो की "मालकांना रेट जास्त वाटतोय", पण मालकांनी नेमके कोणते वाक्य उच्चारले ते त्याला सांगता येत नाही, कारण कार्डात "किंमतविषयक आक्षेप" असा एकच कप्पा आहे आणि ऐकलेले सगळे तो त्याच कप्प्यात टाकतो. चौथे लक्षण सगळ्यांत महाग पडते. प्रतिनिधी कार्डातला आकडा सांगतो, समोरचा मेंटेनन्सचा माणूस मोबाईलवर भागाकार करतो, आणि आकडा जुळत नाही.

यांपैकी पहिली दोन लक्षणे असतील, तर दोष बहुधा फाइलमध्ये किंवा मांडणीत असतो. तिसरे असेल तर शीर्षकांत आणि चौथे असेल तर पुराव्यात. मात्र लक्षणावरून थेट शेवटच्या तपासणीवर उडी मारू नये, कारण जुनी फाइल उघडली जात असेल तर नव्या फाइलमधला पुरावा कितीही सुधारला तरी प्रतिनिधीच्या हातात जुनाच आकडा राहतो.

पहिली तपासणी: सगळ्यांकडे एकच फाइल आहे का, आणि तिच्यात शब्द शोधता येतो का

दोन प्रतिनिधींना एकाच वेळी आपापल्या फोनवर कार्ड उघडायला सांगावे आणि पहिल्या पानावरची तारीख वाचून घ्यावी. तारीखच नसेल, तर तो पहिला दोष धरावा. ग्रुपवरून फिरलेली फाइल प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळ्या नावाने साठून राहते आणि माणूस शोधताना जी आधी दिसेल ती उघडतो. यावर उपाय साधा आहे. फाइल सामायिक ठिकाणी एकच ठेवावी, ग्रुपवर तिची फक्त लिंक पिन करावी आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर "या तारखेपासून लागू" अशी ओळ छापावी. जुन्या प्रती पुसायला सांगून पुसल्या जात नाहीत, पण तारीख समोर दिसली की निदान वाद तरी मिटतो.

याच तपासणीचा दुसरा भाग आमच्या भागात हमखास लागू पडतो. मराठी कार्ड गावातल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून घेतलेले असते. डोळ्यांना ते स्वच्छ दिसते, पण फोनवर "सर्व्हिस" हा शब्द शोधला तर काहीच सापडत नाही, कारण आतमध्ये अक्षरे देवनागरी म्हणून साठवलेलीच नसतात. ओळखण्याची खूण अशी की कार्डातला एखादा शब्द कॉपी करून व्हॉट्सॲपच्या खिडकीत पेस्ट करावा. तिथे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटला, तर फॉन्ट जुना आहे. शब्द कॉपीच झाला नाही, तर फाइल म्हणजे नुसता फोटो आहे. दोन्ही वेळी मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकलिखित करण्यावाचून गत्यंतर नाही. सहा पानांच्या कार्डासाठी हे एका दुपारचे काम आहे, आणि पुढच्या तपासण्यांत मजकूर निम्म्याहून कमी होणार असल्यामुळे मी तो आधी सगळा टाइप करत बसत नाही. राहील तेवढाच शेवटी टाइप करतो.

दुसरी तपासणी: घड्याळ लावून शोधून पाहणे

प्रतिनिधीला कार्ड बंद करून फोन खिशात ठेवायला सांगावे. मग ग्राहक बोलतो त्याच शब्दांत एक हरकत उच्चारावी, उदाहरणार्थ, "आहे तो चाललाय की, बदलायचा कशाला?" आणि त्याने उत्तर मोठ्याने वाचायला सुरुवात करेपर्यंत किती सेकंद लागले ते पाहावे. माझी मर्यादा दहा सेकंदांची आहे. त्याहून अधिक वेळ समोरच्या माणसाकडे न पाहता फोनमध्ये बोटे फिरवत राहिले, तर मालक आपली नजर भट्टीकडे वळवतो आणि मग उत्तर सापडले तरी ऐकणारा उरत नाही.

ही तपासणी सेकंदांपुरती करू नये. बोट कुठे अडखळले ते पाहणे अधिक महत्त्वाचे असते. बोट पहिल्या पानावर कंपनीच्या परिचयापाशी रेंगाळले, तर परिचय काढून टाकावा, कारण प्रतिनिधीला आपली कंपनी माहीत असते. बोट अनुक्रमणिकेत दोन शीर्षकांच्या मध्ये घुटमळले, तर शीर्षके चुकली आहेत. बोट योग्य पानावर पोहोचले पण डोळे वर-खाली फिरत राहिले, तर उत्तर परिच्छेदात गाडले गेले आहे. पुढच्या तीन तपासण्यांपैकी कुठे वेळ घालवायचा हे इथेच ठरते. ही परीक्षा नव्या प्रतिनिधीवरच घ्यावी. जुन्या माणसाला उत्तरे पाठ असतात आणि तो कार्ड न पाहताच बोलू लागतो.

तिसरी तपासणी: शीर्षक कोणाच्या तोंडचे आहे

कार्ड लिहिणारा माणूस ऑफिसात बसून विषयवार विभाग पाडतो: ऊर्जा कार्यक्षमता, विक्रीपश्चात सेवा, तांत्रिक श्रेष्ठता. ग्राहक मात्र यांतला एकही शब्द उच्चारत नाही. तो म्हणतो, "मशीन बंद पडलं तर माणूस कुठनं येणार, पुण्याहून?" प्रतिनिधीला हे वाक्य ऐकून, ते मनातल्या मनात "विक्रीपश्चात सेवा" या विभागात नेऊन, मग तो विभाग शोधावा लागतो. दहा सेकंद इथेच संपतात. म्हणून शीर्षक म्हणजे ग्राहकाचे वाक्यच असावे, जसे बोलले तसे, "की" आणि "कुठनं" यांसकट. बाकीचे कार्ड प्रमाण भाषेत असायला हरकत नाही, पण शीर्षकाची भाषा सुधारण्याचा मोह आवरावा.

ही वाक्ये बसल्या जागी सुचत नाहीत, ती गोळा करावी लागतात. प्रतिनिधींना मी एवढेच सांगतो की ग्राहकाच्या गेटबाहेर पडल्यावर गाडी सुरू करण्यापूर्वी ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाका आणि त्यात आपले मत न घालता ग्राहकाचे वाक्य जसेच्या तसे म्हणा. दोन-तीन आठवड्यांत तीच ती वाक्ये पुन्हा येऊ लागतात. ज्या वाक्याची पुनरावृत्ती सर्वाधिक, ते कार्डात सर्वांत वर. आठ ते दहा हरकतींत बहुतेक बैठका आटोपतात. त्यांपलीकडच्या हरकती वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्यात, नाहीतर वर्षातून एकदा येणारा प्रश्न रोजच्या प्रश्नाची जागा अडवतो.

गोकाक किंवा बैलहोंगलच्या बाजूचा ग्राहक तीच हरकत कन्नडमध्ये घेतो, आणि तिकडे जाणाऱ्या प्रतिनिधीच्या कानांवर आधी "रेट जास्ती आय्तु" हेच पडते. अशा शीर्षकाखाली ते कन्नड वाक्य देवनागरीत बारीक अक्षरांत द्यावे, म्हणजे कानावर पडेल त्या शब्दाने शोध घेता येतो. उत्तर दोनदा लिहिण्याची गरज नसते. उत्तर कोणत्या भाषेत द्यायचे ते आमच्या मुलांना बरोबर जमते.

चौथी तपासणी: उत्तर एका दमात बोलता येते का

प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचावे, तेही शक्यतो यंत्रे चालू असलेल्या ठिकाणी. वाचताना मध्ये श्वास घ्यावा लागला, तर ते उत्तर लांब आहे. वीस-पंचवीस शब्द ही माझी कमाल मर्यादा, आणि त्यातही पहिल्या चार-पाच शब्दांत "हो", "नाही" किंवा "ते यावर अवलंबून आहे" एवढे आले पाहिजे. "मशीन बंद पडलं तर माणूस कुठनं येणार?" याचे जुन्या कार्डातले उत्तर असे होते: "आमचे देशभर पसरलेले सेवाजाळे आणि प्रशिक्षित अभियंत्यांचा चमू ग्राहकांच्या समाधानासाठी सदैव तत्पर असतो." प्रश्न "कुठनं" हा होता आणि उत्तरात एकाही गावाचे नाव नाही. सुधारलेले उत्तर: "बेळगावातूनच. दोन सर्व्हिसमन इथेच राहतात. तेल, फिल्टर आणि सेपरेटर उद्यमबागच्या गोदामात असतात. एअर एंड बिघडला तर मात्र तो कारखान्याला पाठवावा लागतो."

शेवटचे वाक्य पाहून विक्री प्रमुख हमखास नाक मुरडतात. पण एअर एंड, म्हणजे ज्यात स्क्रूची जोडी फिरते तो मूळ भाग, गावात दुरुस्त होत नाही हे फौंड्रीवाल्यांना ठाऊक असते, आणि ते आपण होऊन सांगितले की आधीच्या दोन वाक्यांवर त्यांचा विश्वास बसतो. शिवाय प्रतिनिधीने ते लपवले, तर पुढचा प्रश्न तोच येणार आणि त्याचे उत्तर कार्डात नसणार.

सीमेवरची एक खास हरकत इथेच निकालात काढतो. "बिल कोल्हापूरहून आलं तर टॅक्स जास्त लागतो की!" याला उत्तर: "नाही. एकूण जीएसटी तेवढाच. दोन भागांऐवजी आयजीएसटी म्हणून एकत्र दिसतो." नोंदणीकृत ग्राहकाला इनपुट क्रेडिटबद्दल पुढे काही विचारायचे असेल, तर प्रतिनिधीने तिथे थांबावे आणि विषय ग्राहकाच्या सीएकडे सोपवावा. कार्डात कराचे प्रकरण लिहू नये.

पाचवी तपासणी: पुरावा ग्राहकाच्या गणिताला टिकतो का

ही तपासणी सर्वांत वेळखाऊ आहे, आणि आकडा न जुळण्याची गोम बहुधा इथे असते. पुराव्याच्या प्रत्येक आकड्याला मी चार गोष्टी विचारतो: हा कोठून आला, कधीचा आहे, कोणत्या परिस्थितीत खरा आहे आणि कोणत्या परिस्थितीत खोटा ठरतो. चौथ्या प्रश्नाचे उत्तर कार्डात जवळजवळ कधीच नसते. एक उदाहरण सविस्तर पाहू.

कार्डात लिहिले होते: "व्हीएफडी कॉम्प्रेसर घेतल्यास ३५ टक्क्यांपर्यंत वीजबचत." हरकत होती, "साधा स्क्रू आहेच, व्हीएफडीला वर पैसे कशाला घालायचे?" साधा स्क्रू कॉम्प्रेसर ठरलेल्या वेगाने फिरतो. हवेची टाकी भरली की तो अनलोड होतो, म्हणजे हवा देणे थांबवतो, पण मोटर फिरतच राहते आणि पूर्ण भाराच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा वीज खात राहते. व्हीएफडी हा ड्राइव्ह मोटरचा वेग मागणीप्रमाणे कमी करतो, त्यामुळे हा फुकटचा खर्च बराचसा टळतो. तत्त्व बरोबर आहे. आता ग्राहकाच्या शेडमधले गणित मांडू.

समजा, २२ किलोवॅटचा म्हणजे ३० एचपीचा कॉम्प्रेसर आहे. पंखा आणि मोटरमधले नुकसान धरून लोडवर तो सुमारे २५ किलोवॅट घेतो आणि अनलोडवर सुमारे ७ किलोवॅट. दोन पाळ्यांत १६ तास चालतो, त्यांपैकी ६० टक्के वेळ लोडवर. म्हणजे ९.६ तास गुणिले २५, असे २४० युनिट लोडवर गेले आणि ६.४ तास गुणिले ७, असे सुमारे ४५ युनिट अनलोडवर. दिवसाचे एकूण २८५ युनिट. अनलोडचा सगळाच्या सगळा खर्च वाचला असे मानले, तरी ४५ भागिले २८५, म्हणजे १६ टक्क्यांच्या पुढे बचत जात नाही. प्रत्यक्षात तेवढीही होत नाही, कारण ड्राइव्ह स्वतः थोडी वीज खातो आणि कमी वेगात यंत्राची कार्यक्षमता किंचित घटते. हवेचा दाब काटेकोर सांभाळता आल्यामुळे काही बचत वेगळी मिळते, पण ती मोजल्याशिवाय सांगू नये. ३५ टक्के हा आकडा कुठल्यातरी कमी भाराच्या कारखान्यात खरा असेलही. या शेडमध्ये तो खोटा आहे, आणि फौंड्रीच्या मेंटेनन्स सुपरवायझरला हे गणित करायला दोन मिनिटे पुरतात.

म्हणून कार्डातून टक्केवारी काढली आणि तिच्या जागी ग्राहकाच्याच यंत्रावरून वाचता येणारा पुरावा ठेवला. बहुतेक स्क्रू कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर एकूण चालू तास आणि लोडचे तास असे दोन आकडे वेगवेगळे दिसतात. एकूण १२,००० आणि लोड ७,२०० असेल, तर यंत्र ६० टक्के वेळ कामाचे होते. हे सरासरी झाले सुरुवातीपासूनचे. सध्याची स्थिती हवी असेल तर या सोमवारी आणि पुढच्या सोमवारी आकडे टिपून वजाबाकी करावी. सुधारलेली नोंद आता अशी आहे:

> "साधा स्क्रू आहेच, व्हीएफडीला वर पैसे कशाला घालायचे?"
>
> बोला: "कदाचित गरज नसेलही. पॅनेलवरचे दोन आकडे पाहू. अनलोडचे तास कमी असतील तर मीच तुम्हाला साधा सुचवीन."
>
> पुरावा: चालू तासांतून लोड तास वजा करा. उरलेला प्रत्येक तास म्हणजे २२ किलोवॅटच्या यंत्रावर सुमारे ७ युनिट. दिवसाला ६.४ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर सुमारे १३,४०० युनिट. ही कमाल मर्यादा आहे; प्रत्यक्ष बचत याहून कमी.
>
> दर: ग्राहकाच्या शेवटच्या वीजबिलावरून घ्या.
>
> वापरू नका: लोडचे तास ८० टक्क्यांहून अधिक असतील तर.

"वापरू नका" ही ओळ माझ्या मते संपूर्ण नोंदीत सर्वांत किमती आहे. जिथे भार सतत पूर्ण असतो, तिथे व्हीएफडीने बचत होणे दूरच, ड्राइव्हच्या नुकसानीमुळे बिल किंचित वाढते. ही ओळ नसेल तर प्रतिनिधी सगळीकडे एकच औषध देत सुटतो आणि एका चुकलेल्या यंत्राची बातमी उद्यमबागेत संध्याकाळच्या चहापर्यंत पोहोचलेली असते.

"दर" या ओळीमागचे कारण सीमेवरचे आहे. बेळगाव किंवा निपाणीतला ग्राहक हेस्कॉमचे बिल भरतो आणि कागल किंवा हलकर्णीतला महावितरणचे. दोन राज्यांचे वीज नियामक आयोग वेगळे, दर वेगळे, वर्गवारी वेगळी, शिवाय दर बदलण्याचा मुहूर्तही वेगळा. कार्डात "वर्षाला अमुक इतक्या रुपयांची बचत" असे छापले की ते निपाणीच्या अलीकडे एक आणि दूधगंगेच्या पलीकडे दुसरे होते. म्हणून कार्डात युनिट लिहावेत आणि रुपये ग्राहकाच्या बिलावरून तिथेच काढावेत. आठ रुपये दर धरला तर वरचे १३,४०० युनिट म्हणजे साधारण एक लाख सात हजार रुपये, पण हा आठ रुपयांचा आकडा केवळ हिशेब दाखवण्यापुरता आहे. तो कार्डात घालू नये.

असाच एक पुरावा प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत लागतो. "समोरचा तेवढ्याच एचपीत जास्त सीएफएम देतोय" ही हरकत आली की प्रतिनिधी गांगरतो आणि किंमत कमी करायला धावतो. इथे उत्तर म्हणजे एक प्रतिप्रश्न: "तो सीएफएम किती दाबाला आहे, आणि तो एफएडी आहे का?" सीएफएम म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा, आणि एफएडी म्हणजे यंत्रातून प्रत्यक्ष मिळणारी हवा, आत घेताना असते त्या स्थितीत मोजलेली. तेच यंत्र ७ बारला जास्त हवा देते आणि १० बारला कमी. पिस्टन कॉम्प्रेसरच्या पत्रकावर तर पुष्कळदा पिस्टनने ढकललेल्या आकारमानाचा आकडा असतो, प्रत्यक्ष मिळणाऱ्या हवेचा नसतो, आणि तो नेहमी मोठा दिसतो. दोन्ही पत्रकांवरचे आकडे एकाच दाबाचे आणि आयएसओ १२१७ प्रमाणे मोजलेल्या एफएडीचे असतील, तरच तुलना करावी. तशी करूनही समोरचा पुढे निघाला, तर कार्डात काही लिहून उपयोग नाही. त्या ग्राहकाला तसे सांगावे आणि सर्व्हिसच्या मुद्द्यावर यावे.

सहावी तपासणी: उत्तर मुळात अस्तित्वात आहे का

पाचही तपासण्या झाल्या, शोधायला वेळ लागत नाही, उत्तरही आटोपशीर आहे, आणि तरी एकाच हरकतीपाशी सौदे मोडतात, असे कधीकधी उरतेच. अशा वेळी कार्ड पुन्हा लिहीत बसू नये. "रविवारी बंद पडलं तर?" या प्रश्नाला रविवारी कोणीच जात नसेल, तर कितीही नेमके शब्द वापरले तरी उत्तर "नाही" हेच आहे. ती हरकत, ती घेणाऱ्या ग्राहकांची यादी आणि त्यामुळे हातून गेलेल्या ऑर्डरी एका कागदावर लिहून मालकांपुढे ठेवाव्यात. रविवारी माणूस ठेवायचा की नाही, हा खर्चाचा निर्णय त्यांचा आहे. निर्णय होईपर्यंत कार्डात त्या शीर्षकाखाली जे खरे आहे तेच राहू द्यावे: "रविवारी फोनवर मदत मिळते, माणूस सोमवारी सकाळी येतो."

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

ग्राहकाने "एवढे युनिट वाचतील असे लिहून द्या" म्हटले, की कार्डाचे काम संपले. पॅनेलवरचे तास अंदाजाला पुरतात, हमीला पुरत नाहीत. त्यासाठी यंत्राला पॉवर ॲनालायझर लावून किमान एक पूर्ण आठवडा, सुट्टीचा दिवस धरून, नोंदी घ्याव्या लागतात, आणि त्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या प्रमाणित एनर्जी ऑडिटरकडून घेतलेल्या बऱ्या. प्रतिनिधीने कोटेशनवर हाताने टक्केवारी लिहिली, तर पुढे तीच ओळ पेमेंट अडवायला वापरली जाते.

पॅनेल उघडून क्लॅम्प मीटर लावण्याचे धाडसही प्रतिनिधीने करू नये. कार्डात तशी पायरी कोणी लिहिली असेल, तर ती आजच खोडावी. दार बंद ठेवून डिस्प्लेवर दिसतील तेवढेच आकडे प्रतिनिधीचे. त्याच्या आतले काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे.

प्रतिस्पर्ध्याचे नाव घालून लिहिलेली प्रत्येक ओळ फाइल बाहेर जाण्यापूर्वी वकिलाच्या नजरेखालून घालावी. ग्रुपवरचे कार्ड ग्राहकाच्या फोनवर आणि तिथून समोरच्या कंपनीकडे जाते हे गृहीतच धरावे. त्यांच्याच छापील पत्रकातला आकडा दाब आणि तारखेसह दिला, तर बाजू मांडता येते. "त्यांचा एअर एंड दोन वर्षांत जातो" यासारखे ऐकीव वाक्य मालाची बदनामी म्हणून नोटिशीला कारण ठरू शकते. अशा ओळी मी वकिलाकडे पाठवण्याचा खर्चही करत नाही, सरळ काढून टाकतो.